टॉन्सिल सुजले, शाळेला काय कळवाल?

पावसाळ्यात शाळा जरा रुळावर येतात न येतात, तोच वर्गशिक्षकांच्या टेबलावर रजेचे अर्ज जमू लागतात. कुणी शाळेच्या डायरीतलं रजेचं पान भरून देतं, कुणी वहीचं पान फाडून त्यावर चार ओळी लिहितं, कुणाचा नुसताच मोबाइलवर निरोप येतो. त्यातले बहुतेक अर्ज असे असतात :

‘माझा पाल्य आजारी असल्यामुळे दि. ७ ते ९ जुलै रोजी शाळेत उपस्थित राहू शकला नाही. तरी त्याची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.’

प्राथमिक शाळेत शिकवत असल्यानं असे अर्ज मी सतत वाचते. हजेरीपटात कारण लिहायला तो पुरतो. पण मूल टॉन्सिलच्या दुखण्यातून उठून आलेलं असेल, तर वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना हवं ते यातून काहीच कळत नाही. शेजारी बसणाऱ्या मुलाला याची लागण होईल का? औषध अजून चालू आहे का? आज कवायतीला उभं करायचं की बसवून ठेवायचं? मधल्या सुट्टीत डबा तसाच राहिला तर काळजी करायची का? या सगळ्याची उत्तरं पालकांना ठाऊक असतात, डॉक्टरांनी ती दवाखान्यातच सांगितलेली असतात. कागदावर ती आणखी पाच-सहा वाक्यांत मावतात.

एक उदाहरण घेऊन बघू. चौथीतली एक मुलगी आहे. २०२५ साली आषाढी एकादशी ६ जुलैला, रविवारी होती. आदल्या दिवशी, शनिवारी शाळेची दिंडी निघाली. मुलगी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन दोन तास विठ्ठलनामाचा गजर करत फिरली. रविवारी दुपारी तिचा घसा दुखायला लागला. घरच्यांना वाटलं, काल ओरडून घसा बसला असेल. हळद घातलेलं दूध दिलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. रात्री अंग तापलं, थर्मामीटर १०२ दाखवू लागला आणि तिनं पाण्याचा घोटही नको म्हटलं.

ओरडून बसलेला घसा आणि सुजलेले टॉन्सिल यांत फरक ओळखता येतो. ओरडल्यानं आवाज बसतो, पण ताप येत नाही आणि गिळताना कळ मारत नाही. इथे आवाज ठीक होता, खोकला नव्हता, नाक वाहत नव्हतं; ताप मात्र भरपूर होता. सोमवारी डॉक्टरांनी जीभ दाबून टॉर्चनं पाहिलं, तर पडजिभेच्या दोन्ही बाजूंचे टॉन्सिल लालबुंद होऊन फुगलेले आणि त्यांवर पांढरट-पिवळे ठिपके. जबड्याच्या कोपऱ्याखाली बोटांनी दाबल्यावर लागणाऱ्या गाठी दुखत होत्या.

टॉन्सिलायटिस बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. त्यात सर्दी, खोकला, घोगरा आवाज, लाल डोळे यांपैकी काही ना काही बरोबर येतं आणि तो साधारण आठवड्याभरात आपोआप उतरतो. त्यावर प्रतिजैविकं म्हणजे अँटिबायोटिक देऊन उपयोग नसतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत घसा दुखण्याच्या साधारण २० ते ३० टक्के प्रकरणांत मात्र कारण असतं स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू. ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिल सुजलेत किंवा त्यांवर ठिपके आहेत आणि मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी दुखतायत, अशा खुणा एकत्र दिसल्या, की डॉक्टरांचा संशय या जिवाणूकडे वळतो. खात्री करायची तर घशातल्या स्रावाचा नमुना तपासायला पाठवतात. त्या कल्चर तपासणीला एक-दोन दिवस लागत असल्यानं छोट्या दवाखान्यांत बरेचदा खुणांवरूनच निर्णय होतो. या मुलीच्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन हे औषध दहा दिवसांसाठी लिहून दिलं आणि शाळेत दोन-तीन दिवस पाठवू नका म्हणून सांगितलं.

सोमवारी सकाळी शाळा भरण्याआधी आईनं वर्गशिक्षिकेला मोबाइलवर कळवलं : ‘बाई, हिला रात्रीपासून ताप आहे, घसा दुखतोय. डॉक्टरांकडे नेतोय. आज शाळेत येणार नाही. किती दिवस ते डॉक्टरांनी सांगितल्यावर कळवते.’ पहिल्या दिवशी एवढं पुरे. मूल घरून निघालं आणि वाटेत कुठे राहिलं, ही शंका शाळेला राहत नाही, आणि हजेरी घेताना नोंदही होते. हा निरोप वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. त्या ग्रुपवर पन्नास घरं असतात. मुलीला काय झालंय हे बाईंना कळायला हवं, बाकीच्या एकोणपन्नास घरांना ते सांगायचं कारण नाही.

लेखी अर्ज द्यायचा तो मूल परत येईल त्या दिवशी. बरेच पालक पहिल्याच दिवशी घाईनं अर्ज पाठवतात आणि त्यात ‘दोन दिवस’ लिहितात. मग खाडे चार होतात आणि कागद व हजेरीपट जुळत नाहीत. दुखणं किती लांबेल ते आधी सांगता येत नाही. परतल्यावर लिहिलेल्या अर्जात तारखा पक्क्या असतात आणि डॉक्टर काय म्हणाले तेही नेमकं सांगता येतं. या मुलीच्या आईनं गुरुवारी दिलेला अर्ज असा असेल :

दि. १० जुलै २०२५

प्रति,
मा. वर्गशिक्षिका,
इयत्ता ४ थी, तुकडी ब

विषय : टॉन्सिलायटिसमुळे झालेल्या गैरहजेरीबाबत

महोदया,

माझी मुलगी कु. .................. (हजेरी क्र. २३) दि. ७, ८ व ९ जुलै असे तीन दिवस शाळेत येऊ शकली नाही. रविवारपासून तिचा घसा दुखत होता व रात्री ताप आला. सोमवारी डॉक्टरांनी तपासून जिवाणूंमुळे टॉन्सिल सुजल्याचे सांगितले व त्याच दिवशी औषध सुरू केले. मंगळवारी रात्रीपासून तिला ताप नाही. आता इतर मुलांना लागण होण्याची भीती नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे आज तिला शाळेत पाठवत आहे.

औषध १६ जुलैपर्यंत चालू राहील. डोस सकाळी व रात्री घरीच देत आहोत. गिळताना अजून थोडे दुखते, म्हणून डब्यात मऊ भात दिला आहे. तासाच्या मध्येही तिला पाणी पिऊ द्यावे. शनिवारपर्यंत खेळाच्या तासाला व कवायतीला तिला बसू द्यावे.

तीन दिवसांत झालेला अभ्यास कळवावा. तो आम्ही पुढच्या आठवड्यापर्यंत पूर्ण करून घेऊ. वरील तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(आईची सही, नाव व मोबाइल क्रमांक)

सोबत : डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत

हा अर्ज वाचायला एक मिनिटही लागत नाही. पहिल्या तासाच्या आधी, एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात हजेरीपट असताना वाचायचा कागद याहून लांब नसावा. पण यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे.

तारखा सुट्या लिहिल्या आहेत, ‘तीन दिवस’ एवढंच लिहिलेलं नाही. मधे रविवार किंवा सुट्टी आली, की ‘तीन दिवस’ म्हणजे नक्की कोणते, याचा घोळ होतो. हजेरी क्रमांक आणि तुकडी लिहिली, की एकाच नावाच्या दोन मुलींत गफलत होत नाही. सही पालकांची हवी. मुलानं स्वतः लिहून आईची सही गिरवलेले अर्ज शिक्षकांना लगेच ओळखू येतात आणि मग खऱ्या दुखण्यावरही विश्वास बसत नाही.

आता कारणाचं वाक्य. आपल्याकडे टॉन्सिलच्या अर्जात सर्रास लिहिलं जातं, ‘बर्फाचा गोळा खाल्ल्यामुळे टॉन्सिल वाढले’, ‘आइस्क्रीम खाल्ल्यामुळे घसा धरला’. पालकांची तशी प्रामाणिक समजूत असते. पण थंड खाल्ल्यानं टॉन्सिलायटिस होत नाही. तो होतो आजारी माणसाच्या खोकण्या-शिंकण्यातून, जवळ बसून बोलताना उडणाऱ्या तुषारांतून, एकाच बाटलीला तोंड लावून पाणी प्यायल्यानं. उलट सुजलेल्या घशाला थंड दूध किंवा आइस्क्रीम बरंच वाटतं आणि काहीच गिळायला तयार नसलेल्या मुलाच्या पोटात त्या निमित्तानं थोडं काही जातं. ‘गोळा खाल्ला म्हणून’ असं वाचलं, की बाईंच्या मनात विषय तिथंच मिटतो. दोष मुलाच्या खाण्यावर जातो. ‘जिवाणूंमुळे’ असं वाचलं, की त्या बाकाकडे बघतात.

स्ट्रेप्टोकोकसची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते पाच दिवस जातात. आपल्या उदाहरणातल्या मुलीला रविवारी दुखायला लागलं, म्हणजे लागण त्या आधीच्या आठवड्यातली असणार. शनिवारच्या दिंडीतल्या गजराचा त्यात काही हात नव्हता. तिला ती बहुधा वर्गातूनच मिळाली आणि आता तिच्याकडून आणखी कुणाला गेली असण्याची शक्यता आहे. एकाच आठवड्यात एकाच तुकडीतून अशी दोन-तीन कारणं आली, तर शिक्षिकेला बऱ्याच गोष्टी करता येतात. डब्यात एकमेकांचे चमचे घालू नका, दुसऱ्याची बाटली तोंडाला लावू नका, असं सगळ्या वर्गाला सांगता येतं. जवळच्या बाकांवरच्या मुलांपैकी कुणी गप्पगप्प असेल, पाणी पिताना तोंड वेडंवाकडं करत असेल, तर त्याच्या घरी त्याच दिवशी फोन करता येतो. हे सगळं कुणाचंही नाव न घेता होतं. पालकांनी आजाराचं नाव लिहिलं, म्हणून आपल्या मुलाकडे बोट दाखवलं जाईल, ही भीती बाळगण्याचं कारण नाही. आणि तसं कुणी शिक्षक करत असतील, तर पालकांनी जाऊन स्पष्ट बोलावं.

विषाणूंमुळे झालेलं दुखणं असेल, तर अर्जात तसं लिहावं : ‘डॉक्टरांनी विषाणूजन्य घशाचा संसर्ग सांगितला आहे, अँटिबायोटिक दिलेले नाही.’ डॉक्टरांनी नेमकं काही सांगितलं नसेल, तर ‘टॉन्सिल सुजून ताप आला होता’ एवढं साधं वाक्य पुरतं. आपण अंदाजानं कारण जोडू नये.

ताप कधीपासून नाही, हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मूल शाळेत कधी पाठवायचं, याचा साधा हिशेब असा : तापाचं औषध न देताही ताप आलेला नाही असा एक पूर्ण दिवस गेला पाहिजे. दुखणं जिवाणूंचं असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊनही निदान एक पूर्ण दिवस झालेला हवा. योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण २४ तासांत मूल दुसऱ्याला लागण देण्याच्या अवस्थेतून बाहेर पडतं. शिवाय त्याला पाणी आणि थोडं अन्न गिळता यायला हवं. या मुलीला सोमवारी औषध सुरू झालं, मंगळवारी रात्री ताप उतरला, बुधवारी दिवसभर तो परत आला नाही, म्हणून गुरुवारी ती शाळेत. हिशेब बरोबर बसतो.

यात गडबड कुठं होते, ते वर्गात रोज दिसतं. चाचणी असते, आईवडील दोघंही कामावर जाणारे असतात, घरी थांबायला कुणी नसतं. सकाळी मुलाला पॅरासिटामॉलचं सिरप पाजतात, तासाभरात अंग गार लागतं आणि दप्तर पाठीवर चढतं. त्या औषधाचा असर चार ते सहा तास टिकतो. अकराच्या शाळेत मूल मधल्या सुट्टीपर्यंत बरं दिसतं, मग डोळे जड होतात, ते बाकावर डोकं टेकून पडतं, आणि हात लावला तर चटका बसतो. मग फोनाफोनी होते आणि कुणाला तरी काम सोडून यावंच लागतं. त्या चार तासांत ते मूल दोन-तीन जणांना लागण देऊन बसलेलं असतं. पालकांची ओढाताण मला समजते, पण अशा वेळी शाळेला खरं सांगून आणखी एक दिवस रजा घेतलेली बरी. चाचणी नंतर घेता येते. प्राथमिक शाळेत तर ती सहज घेता येते.

हजेरीची धास्तीही अनेकांना असते. दहावी-बारावीला परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते, आणि तिथंही खऱ्या आजारपणासाठी सूट मागता येते; त्यासाठी डॉक्टरांचा दाखला त्याच वेळी घेऊन शाळेत दिलेला हवा, फेब्रुवारीत मागे जाऊन गोळा केलेला नव्हे. खालच्या वर्गांत तीन दिवसांच्या रजेनं काही बिघडत नाही. तीनपेक्षा जास्त दिवस झाले, की अनेक शाळा दाखला मागतात. तो मागितला नसला, तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडावी. मूळ चिठ्ठी मात्र घरीच ठेवावी, पुढच्या तपासणीला ती लागते.

औषध १६ तारखेपर्यंत चालू आहे, हे बाईंना कशाला सांगायचं, असं कुणी विचारेल. स्ट्रेप्टोकोकसच्या टॉन्सिलायटिसमध्ये पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सहसा दहा दिवस देतात. मुलाला मात्र तिसऱ्या दिवशीच बरं वाटतं. ताप नाही, घसा मोकळा, मूल खेळतंय, मग औषध कशाला, म्हणून बाटली फडताळात मागे जाते. सिरपचं आणखी एक आहे. उकळून गार केलेलं पाणी घालून तयार केलेलं हे सिरप साधारण सात दिवसांत वापरायचं असतं, तसं बाटलीवर छापलेलं असतं. म्हणजे दहा दिवसांसाठी दुसरी बाटली आणावी लागते, आणि ती आणायचं राहून जातं. कोर्स कधी संपणार, ही तारीख अर्जात स्वतःच्या हातानं लिहिली, की घरातही ती पाळली जाते.

डोस शाळेच्या वेळेत येऊ नये, हे बघणं पालकांच्या हातात आहे. शाळेत औषध पाजायला परिचारिका नसते, बाटली गार ठेवायची सोय नसते, आणि चाळीस मुलांत एकीला दोन वाजता पाच मिलिलीटर मोजून देणं शिक्षिकेकडून कधी ना कधी चुकतंच. दवाखान्यातच विचारावं : ‘डॉक्टर, हे सकाळ-संध्याकाळ असं दोन वेळा देता येईल का?’ अमॉक्सिसिलिन अनेकदा दिवसातून दोनदा देऊन चालतं. डॉक्टरांनी तीनदाच सांगितलं असेल, तर शाळा सुटल्यावर देता येईल अशी मधली वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी.

पाणी, डबा आणि खेळ यांबद्दलची दोन वाक्यं बारीक वाटतात, पण वर्गात त्यांचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. गिळताना दुखतं म्हणून मूल पाणी पीत नाही, पाणी पोटात नाही म्हणून घसा कोरडा पडतो आणि आणखी दुखतो. ‘तास चालू असताना पाणी प्यायचं नाही’ असा नियम बऱ्याच वर्गांत असतो. आठवडाभर त्यातून तिला सूट मिळाली, की हे चक्र तुटतं. डब्यात पोळी-भाजी किंवा चिवडा असेल, तर ती डबा उघडून तसाच बंद करते. मऊ भात, सांजा, खिमटीसारखं काही दिलंय हे माहीत असलं, की बाई शेजारी उभं राहून चार घास खायला लावतात. शाळेतली खिचडी खाणाऱ्या मुलांसाठी अर्जात ‘तिखट देऊ नये’ एवढं लिहिलं तरी चालतं.

आता थोडं पुढचं बघू. ते क्वचितच घडतं, पण घडतं तेव्हा शाळेतल्या माणसांना आधी दिसू शकतं.

स्ट्रेप्टोकोकसच्या टॉन्सिलायटिसवर उपचार झाला नाही किंवा तो अर्धवट सोडला, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर होतो. पाच ते पंधरा हेच त्याचं वय. यात शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूऐवजी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते, आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तर हे टाळता येतं, म्हणून डॉक्टर दहा दिवसांच्या कोर्सबद्दल इतके आग्रही असतात. भारतात हा आजार अजून संपलेला नाही.

शाळेत तो कसा दिसतो? जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तीच मुलगी कवायतीला गुडघा दुखतो म्हणते. दोन दिवसांनी गुडघा बरा होतो आणि घोटा दुखायला लागतो. खेळाच्या सरांना वाटतं, टाळाटाळ चालली आहे. काल गुडघा, आज घोटा. सांधा बदलत जाणारी ही दुखणी या तापाची ठळक खूण आहे. जिना चढताना दम लागणं ही दुसरी. आणखी एक खूण तर थेट वहीतच उमटते. काही मुलांना, मुलींना जास्त, टॉन्सिलायटिसनंतर एक ते सहा महिन्यांनी हातापायांना आपोआप झटके येऊ लागतात. चेहरा वेडावाकडा होतो, हातातून वस्तू पडतात, आणि अक्षर एकाएकी बिघडतं. काल-परवापर्यंत नीट ओळीत लिहिणारी मुलगी ओळ सोडून लिहू लागते, अक्षरं लहान-मोठी होतात, वेलांटी भलतीकडेच जाते. अशा मुलीला ‘लक्ष कुठाय तुझं?’ म्हणून ओरडा बसतो. ती ते मुद्दाम करत नसते.

जुलैतला अर्ज फाइलला असेल आणि त्यावर ‘जिवाणूंमुळे टॉन्सिल सुजले’ असं लिहिलेलं असेल, तर सांधे दुखताना किंवा अक्षर बिघडताना बघणाऱ्या शिक्षिकेला दोन गोष्टी जोडता येतात. निदान करणं तिचं काम नाही. पण ‘जुलैत हिला टॉन्सिलचा त्रास झाला होता ना? एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या’ हे एक वाक्य घरी पोचवणं तिला जमतं. ‘आजारी असल्यामुळे’ या अर्जातून हे कधीच जुळलं नसतं.

घरी ठेवायच्या खुणाही सांगायला हव्यात, कारण मूल शाळेत गेल्यावर पालक निश्चिंत होतात. ताप परत चढला, तोंड पुरतं उघडेनासं झालं, लाळ गिळता न आल्यानं ती गळायला लागली, एकाच बाजूचा घसा फार दुखू लागला किंवा आवाज तोंडात काही धरून बोलल्यासारखा येऊ लागला, तर टॉन्सिलच्या मागे पू साठलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावं. लघवी चहासारखी गडद झाली, चेहरा सुजला, तर तेही त्याच आठवड्यांत होणारं आणि डॉक्टरांना लगेच दाखवायचं दुखणं आहे.

या अर्जांचा आणखी एक उपयोग फार थोड्या पालकांच्या ध्यानात येतो. टॉन्सिल वारंवार सुजत असतील, तर घरात कुणीतरी म्हणतंच, ‘काढूनच टाका एकदाचे.’ कान-नाक-घसा तज्ज्ञ मात्र आधी विचारतात, किती वेळा झालं? वर्षभरात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा, असा साधारण निकष आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग इथल्या जॅक पॅराडाइज या बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासांतून तो रूढ झाला. त्यात नुसता घसा दुखून चालत नाही. प्रत्येक वेळी ताप, गाठी, टॉन्सिलवरचे ठिपके किंवा जिवाणूची खात्री यांपैकी काहीतरी नोंदलेलं असावं लागतं. १९७८ साली त्यांनी, पालकांच्या सांगण्यानुसार सतत टॉन्सिल सुजणाऱ्या पण नोंदी नसलेल्या ६५ मुलांवर पुढे लक्ष ठेवलं. सांगितलं होतं तसा त्रास त्यांपैकी फक्त ११ मुलांत दिसला. पालक खोटं बोलत नव्हते. काळजीच्या रात्री आठवणीत जास्त वाटतात, इतकंच.

दवाखान्याच्या चिठ्ठ्या हरवतात, गावी झालेल्या दुखण्याची चिठ्ठीच नसते, डॉक्टर बदलतात. शाळेला दिलेल्या अर्जांवर मात्र तारीख असते, लक्षणं असतात, किती दिवस गेले ते असतं. दोन वर्षांत असे तीनच अर्ज निघाले, तर शस्त्रक्रियेची घाई नको, हे तज्ज्ञांना आणि पालकांनाही दिसतं. वर्षात सात निघाले, तर बोलणं वेगळं होतं. शस्त्रक्रिया ठरलीच तर तिचा अर्ज आधी द्यावा आणि रजा दहा ते चौदा दिवसांची मागावी. पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान जखमेवरची खपली सुटून रक्त येण्याचा धोका असतो, त्यामुळे आठवड्यात मूल हसत-खेळत दिसलं तरी शाळेत पाठवू नये.

म्हणून पालकांना माझं एकच सांगणं आहे. अर्ज शाळेत देण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि एक प्रत डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत मुलाच्या औषधपाण्याच्या फाइलला लावा. पुढच्या वेळी टॉन्सिलसाठी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा ती फाइल बरोबर न्या.